विषम आकाराच्या मॅट्रिक्सला किमान एक वास्तव आयगेनव्हॅल्यू असतेच, ती का?

प्रतलातला प्रत्येक सदिश ९० अंशांनी फिरवणारी मॅट्रिक्स अशी असते:

```
R = |  0  -1 |
    |  1   0 |
```

तिला कोणताही सदिश द्या (शून्य सोडून), तो वळून दुसऱ्याच दिशेला जातो. आपल्याच रेषेवर राहिला, फक्त लांब किंवा आखूड झाला, असा एकही सापडत नाही. आता हेच त्रिमितीत करून पाहा. 3×3 च्या नऊ घरांत अशा वास्तव संख्या भरा, की प्रत्येक सदिश आपली रेषा सोडून जाईल. कितीही प्रयत्न केला तरी जमणार नाही. एक तरी दिशा जागच्या जागी राहतेच. 4×4 मध्ये पुन्हा जमते: वर लिहिलेल्या R चे दोन ठोकळे कर्णावर ठेवले की झाले. 5×5 मध्ये पुन्हा जमत नाही. सम आणि विषम यांत असा फरक का पडतो, याचे उत्तर भूमितीत शोधायला गेलो तर वाट लांबते. मुळे मोजली तर ते पानभरात मिळते. मात्र त्या मोजणीत एक जागा अशी आहे, जिथे बहुतेक जण पटकन पुढे जातात आणि पुरावा अर्धवट राहतो. या लेखात मला सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबायचे आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. A ही n×n मॅट्रिक्स. शून्य नसलेला एखादा सदिश v असा असेल की Av = λv, तर λ ही A ची आयगेनव्हॅल्यू. म्हणजे A ने v ला दुसरीकडे वळवले नाही, फक्त λ पट केले. λ ऋण असेल तर v त्याच रेषेवर उलटा होतो. λ शून्य असेल तर v चे शून्य होते, आणि तेही आपण धरतो. Av = λv म्हणजेच (λI − A)v = 0. डावीकडच्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य नसेल तर या समीकरणसंचाला v = 0 एवढीच उकल असते. म्हणून आयगेनव्हॅल्यू हव्या असतील तर det(xI − A) कुठे शून्य होतो ते पाहायचे.

हा निश्चयक उलगडला की x ची एक बहुपदी मिळते. तिची कोटी नेमकी n असते, कमी नाही आणि जास्त नाही. निश्चयकाच्या विस्तारातल्या प्रत्येक पदात प्रत्येक ओळीतून आणि प्रत्येक स्तंभातून एकेक घर घेतलेले असते. x फक्त कर्णावर आहे, त्यामुळे n वेळा x येणारे पद एकच, कर्णावरचा गुणाकार, आणि त्यातून xⁿ निघतो. A मधल्या सगळ्या संख्या वास्तव असतील तर बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करून आलेले सहगुणकही वास्तवच. पुढच्या साऱ्या युक्तिवादाला मॅट्रिक्सबद्दल एवढ्या दोनच गोष्टी लागतात: कोटी n, आणि सहगुणक वास्तव.

एक मॅट्रिक्स घेऊन हे सगळे हाताने करू.

```
A = |  1   1   0 |
    | -1   1   1 |
    |  3  -3   2 |
```

xI − A च्या ओळी अशा येतात: पहिली (x−1, −1, 0), दुसरी (1, x−1, −1), तिसरी (−3, 3, x−2). पहिल्या ओळीवरून विस्तार करू. पहिल्या घराचा वाटा (x−1)[(x−1)(x−2) + 3], दुसऱ्याचा वाटा (x−2) − 3, तिसऱ्याचा शून्य. सगळे एकत्र केले की

```
p(x) = x³ − 4x² + 9x − 10
```

पडताळणी सोपी आहे. x² चा सहगुणक म्हणजे कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेची उणे किंमत: 1+1+2 = 4, बरोबर. शेवटचे पद म्हणजे, n विषम असताना, A च्या निश्चयकाची उणे किंमत. A चा निश्चयक 10 येतो, तोही जुळतो. हाताने करताना चिन्हाची चूक बहुधा दुसऱ्या घराच्या वाट्यात होते आणि ती या दोन तपासण्यांत सहसा सापडते.

आता p मध्ये x = 1+2i घालून पाहा. x² = −3+4i, आणि x³ = −11−2i. म्हणून

```
x³    = −11 −  2i
−4x²  = +12 − 16i
+9x   =  +9 + 18i
−10   = −10
```

वास्तव भाग: −11+12+9−10 = 0. i चा भाग: −2−16+18 = 0. म्हणजे 1+2i हे मूळ आहे. आता x = 1−2i घालायचे असेल तर नवे काही करावेच लागत नाही. वरच्या चारही ओळींत i पुढचे चिन्ह उलटते, बाकी सारे तसेच राहते. वास्तव भागांची बेरीज शून्यच, आणि i च्या भागांची बेरीज शून्याची उलट, म्हणजे शून्यच. दुसरे मूळ आपोआप हाती आले.

हे या एका बहुपदीपुरते नाही. a+bi आणि a−bi या एकमेकींच्या अनुबद्ध संख्या. z ची अनुबद्ध z̄ अशी लिहितात. बेरजेची अनुबद्ध म्हणजे अनुबद्धांची बेरीज, गुणाकाराची अनुबद्ध म्हणजे अनुबद्धांचा गुणाकार, आणि वास्तव संख्येची अनुबद्ध ती स्वतःच. म्हणून बहुपदीचे सहगुणक वास्तव असतील तर p(z̄) ही p(z) ची अनुबद्ध असते. p(z) शून्य असेल तर p(z̄) सुद्धा शून्य. वास्तव नसलेले मूळ z मिळाले की z̄ हेही मूळ, आणि b शून्य नसल्याने ते z पेक्षा वेगळे.

इथपर्यंत आल्यावर पुष्कळ वह्यांत पुढचे वाक्य असे असते: ‘वास्तव नसलेली मुळे जोडीने येतात, एकूण मुळे n, n विषम, म्हणून एक तरी वास्तव उरते.’ निष्कर्ष खरा आहे, पण मधली एक पायरी गाळली आहे. बीजगणिताचे मूलभूत प्रमेय सांगते की n कोटीच्या बहुपदीला n संमिश्र मुळे असतात, पण ती *पुनरावृत्ती धरून*. (x−5)³ ला मुळे तीन, तिन्ही 5. आणि आपण आत्ता जे सिद्ध केले, त्यात पुनरावृत्तीचा उल्लेखही नाही. z मूळ असेल तर z̄ मूळ असते एवढेच आपल्याला ठाऊक आहे. z दोनदा आणि z̄ एकदाच आले तर? मुळांची यादी i, i, −i अशी असेल तर प्रत्येक मुळाची अनुबद्ध संख्या यादीत आहे, एकूण मुळे तीन आहेत, आणि वास्तव एकही नाही. जोडीचा नियम पाळला गेला, तरी निष्कर्ष खोटा ठरला.

अशी यादी खरोखर असते का? असते:

```
(x − i)²(x + i) = x³ − i·x² + x − i
```

पण यात सहगुणक वास्तव राहिले नाहीत. म्हणजे सहगुणक वास्तव असल्याचा उपयोग दोनदा करावा लागणार: एकदा z̄ हे मूळ आहे हे दाखवायला, आणि दुसऱ्यांदा z आणि z̄ सारख्याच वेळा येतात हे दाखवायला. हा दुसरा उपयोगच वह्यांत गळतो.

मला यासाठी सर्वांत स्वच्छ वाटणारा मार्ग म्हणजे जोड्या एकेक करून बाहेर काढत जाणे. z = a+bi हे वास्तव नसलेले मूळ असेल तर z̄ हेही मूळ आहे, दोन्ही वेगळी आहेत, म्हणून p ला (x−z)(x−z̄) ने पूर्ण भाग जातो. हा गुणाकार करून पाहा:

```
(x − z)(x − z̄) = x² − 2ax + (a² + b²)
```

i नाहीसा झाला. भाजक वास्तव आहे आणि त्याचा पहिला सहगुणक 1 आहे. वास्तव बहुपदीला अशा वास्तव बहुपदीने दीर्घ भागाकार करताना आपण फक्त वास्तव संख्यांची वजाबाकी आणि गुणाकार करतो, म्हणून भागाकारही वास्तवच येतो. त्याची कोटी n−2. आता हा भागाकार आपली नवी बहुपदी मानू. तिचे सहगुणक वास्तव आहेत, म्हणून तिलाही जोडीचा तोच नियम लागू. तिच्यात वास्तव नसलेले मूळ अजून असेल, मग ते जुनेच z का असेना, तर आणखी एक जोडी काढायची. दर खेपेला कोटी दोनने उतरते, त्यामुळे हे कधीतरी थांबणारच. थांबते तेव्हा उरलेल्या बहुपदीत वास्तव नसलेले मूळ शिल्लक नसते.

n विषम असेल तर उरलेली कोटी विषमच असते, कारण विषमातून दोन-दोन कितीही वेळा वजा केले तरी शून्यावर येता येत नाही. म्हणजे उरलेली बहुपदी नुसता स्थिरांक नाही. तिची कोटी निदान 1 आहे. तिला एक तरी मूळ आहेच, आणि ते वास्तव आहे. पुरावा इथे पूर्ण झाला. हे करताना i, i, −i ही यादी कुठे अडली तेही दिसते. वास्तव बहुपदीतून i आणि −i ची जोडी काढली की उरते एकटा i हे मूळ असलेली वास्तव बहुपदी x − i, पण ती तर वास्तव नाहीच.

आपल्या उदाहरणात z = 1+2i, म्हणून भाजक x² − 2x + 5. भागाकार करा: x³ − 4x² + 9x − 10 ला भागून येते x − 2, बाकी शून्य. उरलेले मूळ 2.

या 2 ला वास्तव सदिशही आहे का? आहे. 2I − A ही वास्तव मॅट्रिक्स आहे आणि तिचा निश्चयक शून्य आहे, म्हणून वास्तव संख्यांतच राहून ओळी सोडवल्या तरी शून्येतर उकल मिळते. Av = 2v लिहिले की पहिल्या ओळीतून v चे पहिले दोन घटक सारखे, दुसऱ्या ओळीतून तिसरा घटक पहिल्याच्या दुप्पट. v = (1, 1, 2) घेऊन तिसरी ओळ तपासा: 3 − 3 + 4 = 4, आणि 2·2 = 4. हीच ती जागची न हललेली दिशा. 1+2i ला असा वास्तव सदिश मिळणे शक्यच नव्हते, कारण v वास्तव असता तर Av वास्तव आला असता आणि (1+2i)v वास्तव नसता.

विषम कोटीच्या बहुपदीला वास्तव मूळ असते हे आलेखावरूनही दिसते. x फार मोठा ऋण असताना xⁿ तिला खूप खाली नेतो, फार मोठा धन असताना खूप वर, आणि मध्ये आलेख तुटत नसल्याने x-अक्ष ओलांडावाच लागतो. हा पुरावा छोटा आहे आणि त्याला संमिश्र संख्या लागत नाहीत. इतिहासातही त्याचा मान मोठा: गाउस यांनी १८१६ साली बीजगणिताच्या मूलभूत प्रमेयाचा जो दुसरा पुरावा दिला, त्यात विषम कोटीच्या वास्तव बहुपदीला वास्तव मूळ असते हीच गोष्ट पायाभूत धरली आहे. तरीही मी मोजणीला जास्त मानतो, कारण आलेख ‘किमान एक’ एवढेच सांगून थांबतो. मोजणी सांगते की पुनरावृत्ती धरून वास्तव मुळांची संख्या नेहमी विषमच असते. 5×5 ला वास्तव आयगेनव्हॅल्यू एक, तीन किंवा पाच असतील. दोन किंवा चार कधीच नाही.

आणि मोजणीतून चिन्हही कळते. सगळ्या मुळांचा गुणाकार म्हणजे A चा निश्चयक. प्रत्येक संमिश्र जोडीचा वाटा z·z̄ = a²+b², जो धन आहे. म्हणून निश्चयकाचे चिन्ह केवळ वास्तव मुळे ठरवतात. n विषम असेल आणि निश्चयक धन असेल, तर सगळी वास्तव मुळे ऋण असणे शक्य नाही: त्यांची संख्या विषम, म्हणून गुणाकार ऋण झाला असता. एक तरी आयगेनव्हॅल्यू धन असलीच पाहिजे. हे त्रिमितीतल्या परिभ्रमणाला लावून पाहा. परिभ्रमणात लांबी बदलत नाही, म्हणून वास्तव आयगेनव्हॅल्यू फक्त 1 किंवा −1 असू शकते. परिभ्रमणाचा निश्चयक 1 असतो. मग धन असलेली ती आयगेनव्हॅल्यू 1 च, आणि तिचा सदिश म्हणजे परिभ्रमणाचा अक्ष. स्थिर बिंदूभोवती घन वस्तू कशीही हलवली तरी शेवटची स्थिती एकाच अक्षाभोवतीच्या एका फिरवण्याने मिळते, हे ऑयलर यांनी भूमितीच्या वाटेने दाखवले होते. आपल्याकडे ते तीन मुळे मोजून आले.

या युक्तिवादाच्या मर्यादाही नेमक्या आहेत. मॅट्रिक्समध्ये संमिश्र संख्या चालतील म्हटले की तो कोसळतो: कर्णावर तिन्ही जागी i ठेवा, आयगेनव्हॅल्यू फक्त i. तसेच ‘वास्तव’ च्या जागी ‘परिमेय’ घालता येत नाही. पूर्णांकांची अशी 3×3 मॅट्रिक्स लिहिता येते, जिची बहुपदी x³ − 2 आहे. तिचे वास्तव मूळ 2 चे घनमूळ, जे परिमेय नाही. आणि विषम संख्येने वास्तव मुळे मिळाली म्हणून तेवढ्याच वेगवेगळ्या दिशा मिळतील असेही नाही. मुळे तीन आणि दिशा एकच, अशी मॅट्रिक्स पुढे येतेच आहे.

संगणकावरही हीच मोजणी आत चालू असते.

```
import numpy as np
A = np.array([[1, 1, 0], [-1, 1, 1], [3, -3, 2]])
print(np.linalg.eigvals(A))
```

उत्तरात 1±2j ची जोडी आणि 2 येतात. शेवटच्या दशांश स्थळांत थोडी चूक दिसेल, पण 2 चा काल्पनिक भाग नेमका शून्य असतो, ‘जवळजवळ शून्य’ नाही. कारण आतली रीत वास्तव मॅट्रिक्सला वास्तवच ठेवून तिचे कर्णावरच्या 1×1 आणि 2×2 ठोकळ्यांत रूपांतर करते, आणि संमिश्र जोडी फक्त 2×2 ठोकळ्यातून काढते. विषम लांबीचा कर्ण नुसत्या दोन-दोनच्या ठोकळ्यांनी भरत नाही, म्हणून एक तरी 1×1 ठोकळा राहतोच. हीच मॅट्रिक्स `dtype=complex` म्हणून दिली तर वेगळी, संमिश्र रीत वापरली जाते. तिला जोड्यांची कल्पना नसते, आणि 2 च्या शेजारी 1e-16 सारखा काल्पनिक कचरा येऊ शकतो. वास्तव आयगेनव्हॅल्यू मोजायच्या असतील तर मॅट्रिक्स वास्तव प्रकारातच द्यावी.

आकडेमोडीतल्या चुकीमुळे वास्तव मुळांची संख्या बदलू शकते, पण तीही ठरावीक रीतीनेच. ही मॅट्रिक्स पाहा:

```
B = | 2  1  0 |
    | 0  2  1 |
    | e  0  2 |
```

तिची बहुपदी (x−2)³ − e. e = 0 असताना 2 हे मूळ तीनदा येते, आणि जागची राहणारी दिशा मात्र एकच असते, (1, 0, 0). आता e = 0.001 करा. x−2 ही 0.001 च्या तीन घनमुळांपैकी एक झाली, म्हणून मुळे 2.1 आणि साधारण 1.95 ± 0.0866i. एका घरात एक सहस्रांशाचा फरक केला आणि मुळे एक दशांशाने सरकली. तीन वास्तव मुळांचे एक झाले. पण वास्तव अक्ष सोडून गेली ती दोघे जोडीने, एक वर आणि एक तेवढेच खाली. तिसरे मूळ अक्ष सोडू शकत नाही, कारण त्याच्याबरोबर जायला कोणी उरलेले नसते. e = −0.001 केले तरी तेच घडते, फक्त मागे राहणारे मूळ 1.9 असते.